भरदुपारच्या सीताबर्डीवर निऑनची रात्र: मॅजेंटा आणि सायन उजेडाचे ग्रेडिंग

शहराच्या फोटोवर गुलाबी-निळ्या रंगाचा एखादा तयार प्रीसेट चढवला की निऑन दिव्यांनी उजळलेली सायबरपंक रात्र झाली, असा समज तालुक्याच्या गावांतल्या स्टुडिओंमध्ये नव्याने काम शिकणाऱ्या मुलामुलींत सर्रास आढळतो. प्रत्यक्षात अशा फोटोत दिवस तसाच राहतो, फक्त तो रंगीत काचेतून पाहिल्यासारखा दिसतो. त्याचे कारण रंगात नसून उजेडाच्या दिशेत आहे. दिवसा दृश्यातला सर्वांत मोठा दिवा म्हणजे आकाश असते आणि त्याचा उजेड वरून खाली येतो. रात्रीच्या बाजारात आकाश जमिनीपेक्षा काळे असते आणि उजेड डोक्याच्या उंचीवरच्या पाट्यांतून आडवा येतो. म्हणून आधी उजेडाची जागा बदलायची आणि मग त्याला रंग द्यायचा, हाच क्रम या लेखात पाळला आहे.

उदाहरणासाठी एकच फोटो शेवटपर्यंत घेऊ. पोळ्याच्या खरेदीला नागपूरला गेलेल्या माणसाने पावसाची सर थांबल्यावर दुपारी सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर मोबाइलने तो काढला आहे, असे समजा. डावीकडे कापड दुकानाची मोठी लाल पाटी आहे आणि उजवीकडे मोबाइलच्या दुकानाची पांढरी-निळी पाटी आहे. मधोमध ओला रस्ता, त्यावर दोन ऑटो, छत्र्या घेतलेली काही माणसे, वर तारांचे जाळे आणि त्यामागे राखाडी आभाळ आहे. फोटोची रुंदी ४००० पिक्सेल धरली आहे, त्यामुळे पुढे दिलेली ब्लरची मापे त्याच रुंदीची आहेत. फोटो निम्म्या रुंदीचा असेल तर मापेही निम्मी करावीत.

काम GIMP या मोफत प्रोग्रॅममध्ये करू. तो एकदा उतरवून घेतला की इंटरनेट लागत नाही, आणि ज्या गावात टॉवरची रेंज विहिरीच्या काठावरच मिळते तिथे ही सोय लहान नाही. मेनूंची नावे २.१० या आवृत्तीतली दिली आहेत. २०२५ मध्ये आलेल्या ३.० मध्येही ती जवळपास तशीच सापडतात.

फोटो निवडताना

अर्धे काम निवडीतच होते. कडक उन्हातला फोटो या कामाला घेऊ नये, कारण उन्हाच्या सावल्यांना धारदार कडा असतात आणि त्या सगळ्या एकाच दिशेला पडलेल्या असतात. नंतर कितीही काळोख केला तरी त्या सावल्या वर सूर्य असल्याचे सांगतच राहतात. चैत्र-वैशाखातल्या विदर्भातल्या दुपारी काढलेला फोटो तर याबाबतीत पूर्ण बाद समजावा. ढगाळ दिवसाचा फोटो मात्र उत्तम, कारण त्यात सावल्या मऊ आणि अस्पष्ट असतात, त्यामुळे आपण आणलेल्या उजेडाशी भांडणारे काही उरत नाही. रस्ता ओला असेल तर आणखी चांगले. कोरडे डांबर उजेड चहूकडे विखरून टाकते, ओल्या रस्त्यावर मात्र पाटीचे प्रतिबिंब पडते आणि या शैलीची निम्मी शोभा त्या प्रतिबिंबातच आहे.

चौकटीत दिवे होऊ शकतील अशा वस्तू आहेत का, हेही पाहावे. दुकानांच्या पाट्या, खिडक्या, वाहनांचे हेडलाइट, पानठेल्याची ट्यूबलाइट यांपैकी काहीच नसेल तर मॅजेंटा आणि सायन उजेड कुठून आला, याचे उत्तर चित्र देऊ शकत नाही. नुसते शेत, पांदण आणि बाभळी असलेल्या फोटोवर हा प्रयोग म्हणूनच फसतो. त्यासाठी शहराची गजबजच लागते.

फोटो उघडल्यावर पहिली गोष्ट म्हणजे Image > Precision मध्ये जाऊन 16 bit integer निवडावे. मोबाइलचा जेपीईजी ८ बिटचा असतो आणि तो १६ बिटमध्ये नेल्याने त्यात नवा तपशील येत नाही, हे खरे आहे. तरी पुढच्या प्रत्येक पायरीत होणारी आकडेमोड बारीक राहते आणि काळ्या आकाशात पट्टे पडण्याचे प्रमाण कमी होते. याच वेळी फाइल .xcf म्हणून जतन करावी आणि पुढेही दर पायरीनंतर जतन करत राहावे. लाइन कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या ठिकाणी ही सवय आपोआपच लागते.

आधी रात्र, रंग नंतर

मूळ लेयरची प्रत करून तिला ‘रात्र’ असे नाव द्यावे. मूळ लेयरला अजिबात हात लावू नये, कारण पुढे दिवे पेटवताना तोच उपयोगी पडणार आहे. ‘रात्र’ लेयर निवडून Colors > Exposure उघडावे आणि Exposure चा आकडा उणे १.५ ते उणे २ पर्यंत न्यावा. येथे १ म्हणजे एक स्टॉप, म्हणजे उजेड निम्मा होणे, त्यामुळे उणे २ वर मूळच्या एक चतुर्थांश उजेड उरतो. सिनेमावाले भरदिवसा चित्रीकरण करून ते रात्रीचे म्हणून दाखवत, तेव्हा हाच उपाय करत. एक्सपोजर दोनेक स्टॉप कमी ठेवायचे, रंग निळसर करायचा आणि आभाळ शक्यतो चौकटीबाहेर ठेवायचे, अशी ती पद्धत होती. आपल्या फोटोत आभाळ आहे, म्हणून त्याची वेगळी व्यवस्था करावी लागेल.

अंधार केला म्हणजे सगळे काळे करायचे, असे मात्र नाही. फोटोतला गडद भाग पूर्ण काळा झाला की नंतर त्यावर उजेड टाकायला काही शिल्लक राहत नाही. ऑटोच्या सीटखालची जागा, दुकानाच्या शेडखालचा कोपरा असे भाग जेमतेम ओळखू येतील इतके ठेवावेत. त्याच लेयरवर Colors > Saturation मधून रंगांची तीव्रता साधारण ०.६ वर आणावी. कमी उजेडात डोळ्याला रंग फिके दिसतात आणि पाया फिका असला की पुढचे निऑन रंग त्यावर जास्त खुलतात.

आता आभाळ. तारांच्या आणि झाडांच्या फटींतून दिसणारे आभाळ हाताने निवडत बसलो तर संध्याकाळ होईल. त्यापेक्षा ढगाळ आभाळ हा फोटोतला सर्वांत उजळ भाग असतो, या गोष्टीचाच फायदा घ्यावा. मूळ लेयरची आणखी एक प्रत सर्वांत वर न्यावी आणि तिच्यावर Layer > Mask > Add Layer Mask मधून Grayscale copy of layer हा मास्क लावावा. मास्कचा पांढरा भाग लेयर दाखवतो आणि काळा भाग झाकतो. मास्क निवडलेला असतानाच Colors > Levels उघडावे. डावीकडचा काळा त्रिकोण इमारती काळ्या होईपर्यंत उजवीकडे आणावा आणि पांढरा त्रिकोण आभाळ पूर्ण पांढरे होईपर्यंत डावीकडे आणावा. रस्त्यावरचे पाणी, एखादी चुन्याची भिंत, पांढरी छत्री हे भागही पांढरे राहतील, त्यांवर काळ्या ब्रशने मास्कमध्येच रंगवून टाकावे. मास्क तयार झाला की मास्कऐवजी लेयरचे चित्र निवडून त्यात वरून खाली ग्रेडियंट भरावा. वरच्या टोकाला #3A2A6E हा गडद निळा-जांभळा आणि इमारतींच्या माथ्याजवळ #7A3A8C हा जरा उजळ जांभळा घ्यावा. लेयरचा मोड Multiply करावा. या मोडमध्ये खालचे काळे ते काळेच राहते, त्यामुळे तारा आणि पाने आपापल्या जागी शाबूत राहतात. शिवाय रंग निवडला त्यापेक्षा बराच गडद दिसतो, म्हणून सुरुवातीचे रंग मुद्दाम थोडे उजळ घेतले आहेत. आभाळ खालच्या बाजूला उजळ ठेवण्याचे कारण असे की शहराचा उजेड धुळीत आणि बाष्पात पसरतो, त्यामुळे शहरावरचे रात्रीचे आकाश क्षितिजाकडे कधीच पूर्ण काळे नसते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फोटो उघडा पडतो. आपल्या फोटोतल्या ऑटोच्या छताकडे जवळून पाहा. छत खिडकीच्या बाजूपेक्षा उजळ आहे, कारण त्यावर थेट आभाळाचा उजेड पडला होता. दुकानांच्या ताडपत्रीची वरची बाजू, माणसांचे केस आणि खांदे, छत्र्यांचे माथे, गाड्यांचे बोनेट, या आभाळाकडे तोंड केलेल्या सगळ्या पृष्ठभागांची गत तीच आहे. रात्री आभाळातून उजेड येत नसल्याने या जागा उभ्या बाजूंपेक्षा काळ्या असायला हव्यात. म्हणून एक नवा पारदर्शक लेयर घेऊन त्याचा मोड Multiply करावा आणि मऊ ब्रशची ऑपॅसिटी २५ टक्क्यांवर ठेवून #2A2850 अशा गडद निळ्या रंगाने या सर्व आडव्या पृष्ठभागांवर दोन-तीन हात फिरवावेत. काम कंटाळवाणे आहे, पण याच पायरीनंतर फोटो पहिल्यांदा रात्रीचा वाटू लागतो, तोही एकही रंगीत दिवा न लावता.

रंगांची विभागणी

आता Layer > New from Visible करून आतापर्यंतचे सगळे एका लेयरमध्ये घ्यावे आणि त्याला ‘ग्रेड’ म्हणावे. ‘ग्रेड’ लेयर इतर सर्व लेयरच्या वर असावा.

मॅजेंटा म्हणजे लाल आणि निळा उजेड एकत्र, आणि सायन म्हणजे हिरवा आणि निळा उजेड एकत्र. दोघांत निळा सामाईक असल्यामुळे ते एका चित्रात भांडत नाहीत. त्यांच्यात बेबनाव करतो तो पिवळा, कारण पिवळ्यात निळा नसतोच. म्हणून पहिले काम पिवळा दाबण्याचे. Colors > Hue-Saturation मध्ये Y निवडून Saturation उणे ६० करावे आणि G निवडून साधारण उणे ४० करावे. यामुळे मालवाहू गाडीची पिवळी नंबरप्लेट, केळीची हातगाडी, रस्त्याकडेचा कडुनिंब हे सगळे मागे सरकतात. R ला मात्र येथे हात लावू नये. आपल्या कातडीचा रंग लाल-पिवळ्याच्या मध्ये असतो आणि दोन्ही दाबले तर छत्रीखालची माणसे राखेसारखी दिसू लागतात.

त्यानंतर Colors > Color Balance उघडावे. Shadows निवडून Yellow-Blue ची पट्टी अधिक २५ आणि Cyan-Red ची पट्टी उणे १५ करावी. Midtones मध्ये Yellow-Blue अधिक १५ आणि Magenta-Green उणे १० करावे. Highlights मध्ये Magenta-Green उणे २० आणि Cyan-Red अधिक १० करावे. Preserve luminosity ची खूण राहू द्यावी, म्हणजे रंग बदलताना उजेडाचे प्रमाण फारसे हलत नाही. हे आकडे देवाचे शब्द नाहीत. आपल्या फोटोचे आभाळ मुळातच निळसर असेल तर निळ्याचा आकडा कमी करावा. सावल्या गार निळ्या आणि उजळ भाग किंचित गुलाबी एवढेच या पायरीत साधायचे आहे. फोटो येथेच पूर्ण सायबरपंक दिसू लागला असेल तर हात जड पडला असे समजावे, कारण खरा रंग अजून दिव्यांतून यायचा आहे.

दिवे पेटवणे

दिवा रंगवायचा नसतो, मूळ फोटोतून परत आणायचा असतो. अंधार केलेल्या चित्रात दिवसाच्या उजेडातली पाटी जशीच्या तशी बसवली की ती आपोआप आतून पेटल्यासारखी दिसते, कारण आजूबाजूचे सारे दोन स्टॉपने खाली गेलेले असते. म्हणून तळाच्या मूळ लेयरची प्रत करून ती सर्वांत वर न्यावी, तिला Black (full transparency) हा मास्क लावावा आणि त्यात पांढऱ्या ब्रशने फक्त कापड दुकानाची पाटी उघडी करावी. कडा नेमक्या ठेवाव्यात, पाटीबाहेरची भिंत उघडी पडू देऊ नये. या लेयरला ‘दिवा-मॅजेंटा’ म्हणावे. याच रीतीने मोबाइलच्या दुकानाच्या पाटीसाठी ‘दिवा-सायन’ हा वेगळा लेयर करावा. वेगळा यासाठी, की दोघांचे रंग वेगवेगळ्या पद्धतीने बदलायचे आहेत.

लाल पाटीसाठी लेयरचे चित्र निवडून Hue-Saturation मध्ये R चा Hue उणे ४० ते उणे ५० करावा, म्हणजे लाल मॅजेंटाकडे सरकतो. पांढऱ्या पाटीला Hue बदलून काही होत नाही, कारण पांढऱ्यात बदलण्यासारखा रंगच नसतो. तिथे Colors > Colorize वापरावे. त्यातली Hue ची पट्टी मध्यावर ठेवून Lightness थोडी उतरवली की सायन मिळतो. अक्षरे मात्र जवळपास पांढरी राहू द्यावीत. रात्री कॅमेऱ्याने टिपलेल्या कोणत्याही तेजस्वी दिव्याचा गाभा पांढरा येतो आणि रंग त्याच्या कडेला दिसतो, कारण गाभ्याजवळ उजेड इतका असतो की कॅमेऱ्याचे तिन्ही चॅनेल भरून जातात. पूर्ण गडद गुलाबी अक्षरे काढली तर ती दिव्याऐवजी ऑइलपेंटने लिहिल्यासारखी दिसतात. जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. शुद्ध निऑन वायूचा उजेड लालसर नारिंगी असतो आणि निळसर नळ्यांत आर्गॉन व पारा असतो. त्यामुळे ज्याला आपण निऑन गुलाबी म्हणतो, तो निऑनचा स्वतःचा रंग नव्हेच.

पाटी पेटली. आता तिचा उजेड बाहेर पडला पाहिजे, आणि तो दोन प्रकारे पडतो. एक भाग हवेतल्या धूलिकणांत आणि भिंगात पसरून पाटीभोवती वलय करतो. दुसरा भाग भिंती, रस्ता, माणसे यांवर आपटून त्यांना उजळतो. नवशिके दोन्हींसाठी एकच मोड वापरतात आणि चित्रावर गुलाबी धुके साचते.

वलयासाठी ‘दिवा-मॅजेंटा’ लेयरची प्रत करून Layer > Mask > Apply Layer Mask करावे, म्हणजे फक्त पाटीच उरते. तिला Filters > Blur > Gaussian Blur मध्ये Size X आणि Size Y दोन्ही १२ देऊन मोड Screen करावा. पुन्हा एक प्रत घेऊन तिला १२० चा ब्लर द्यावा, मोड Screen आणि ऑपॅसिटी ४० टक्के ठेवावी. लहान ब्लर पाटीला धग देतो, मोठा ब्लर हवेला. सायन पाटीसाठीही असेच करावे, पण मोठ्या ब्लरची ऑपॅसिटी निम्म्यावर ठेवावी. का, ते तपासणीच्या वेळी कळेल.

पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडासाठी मोड Dodge घ्यावा. Screen हा खालच्या चित्रावर उजेडाची पातळ साय चढवतो, त्यामुळे काळेही करडे होते आणि भिंतीचा पोत पुसला जातो. Dodge मात्र खालचा उजेड पटीत वाढवतो, म्हणून काळे ते काळेच राहते आणि विटांचे सांधे, ताडपत्रीच्या सुरकुत्या, ओल्या डांबराची खडी हे सगळे उजेडात स्पष्ट दिसते. खरा उजेडही असाच वागतो. त्यासाठी नवा पारदर्शक लेयर घेऊन मोड Dodge करावा. ब्रश मोठा आणि मऊ घ्यावा, त्याची ऑपॅसिटी १५ ते २० टक्के ठेवावी आणि रंग #802060 असा मध्यम गडद मॅजेंटा घ्यावा. एकदम तेजस्वी मॅजेंटा घेतला तर काही हातांतच भाग भडकून जळाल्यासारखा होतो. सायनसाठी वेगळ्या लेयरवर #206A78 घ्यावा.

हात कुठे फिरवायचा, हे पाटीच्या जागी उभे राहून ठरवावे. पाटीला जे दिसते त्यावरच तिचा उजेड पडतो. आपल्या फोटोतल्या जवळच्या ऑटोची डावी बाजू कापड दुकानाकडे आहे, म्हणून तिच्या डाव्या पत्र्यावर आणि चाकाच्या कडेवर मॅजेंटा येईल, उजव्या बाजूवर सायन येईल, आणि छतावर जवळपास काहीच येणार नाही. छत्री धरलेल्या बाईच्या डाव्या गालावर आणि छत्रीच्या उजव्या आतल्या घडीवर गुलाबी उजेड येईल, कारण पाटी छत्रीच्या कडेपेक्षा थोडी खालून तिला पाहते. अंतराचेही भान ठेवावे. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की उजेड चौथा हिस्सा उरतो, म्हणून पाटीलगतच्या भिंतीवर तीन-चार हात फिरवले असतील तर रस्त्याच्या मध्यावर एकच पुसट हात पुरे. सगळीकडे सारखा उजेड दिला की पुन्हा प्रीसेट लावल्यासारखे दिसते.

आता ओल्या रस्त्यावरचे प्रतिबिंब. ‘दिवा-मॅजेंटा’ची मास्क लागू केलेली एक स्वच्छ प्रत घ्यावी, Layer > Transform > Flip Vertically ने उलटी करावी आणि Move साधनाने पाटीच्या बरोबर खाली रस्त्यावर आणावी. ‘बरोबर खाली’ हे शब्दशः घ्यावे. सपाट ओल्या रस्त्यावरचे प्रतिबिंब चित्रात दिव्याच्या सरळ उभ्या रेषेत खालीच असते, ते तिरपे कधीच जात नाही. दुकानाची भिंत रस्त्याला जिथे टेकते त्या रेषेपासून पाटी जितकी वर, साधारण तितकेच प्रतिबिंब खाली ठेवावे. मग Gaussian Blur मध्ये दोन आकड्यांमधली साखळी तोडून Size X ला ६ आणि Size Y ला १५० द्यावे. खडबडीत ओले डांबर उजेडाला उभे ताणते, म्हणून हा उभा ब्लर. मोड Screen, ऑपॅसिटी ५० ते ६० टक्के. शेवटी या लेयरला पांढरा मास्क लावून, पुढे उभी असलेली माणसे आणि ऑटो यांच्यावर आलेले प्रतिबिंब काळ्या ब्रशने पुसून टाकावे. प्रतिबिंब माणसाच्या पायावरून चढून पोटापर्यंत गेलेले दिसले की समजावे, हा मास्क राहून गेला आहे.

ऑटोचे हेडलाइट आणि दोन-तीन खिडक्या याच पद्धतीने लहान प्रमाणात पेटवाव्यात. सगळ्या खिडक्या पेटवू नयेत. एखादी सावजी भोजनालयाची खिडकी फिक्या नारिंगी उजेडाची ठेवायला हरकत नाही. पूर्ण चित्रात एवढा एकच उबदार ठिपका असेल तर तो मॅजेंटा आणि सायनला आणखी गार करतो. मात्र दोन ठिकाणी ठेवला की पिवळा परत वर डोके काढतो.

तपासणी

New from Visible करून वरच्या लेयरवर Colors > Desaturate > Desaturate मध्ये Luminance निवडावे आणि रंग काढलेले चित्र डोळे किलकिले करून पाहावे. रंगाशिवायही ते रात्रीचे वाटले पाहिजे. आभाळ गडद, पाट्या सर्वांत उजळ, उजेड पाट्यांपासून दूर जाताना कमी होणारा, असे दिसत नसेल तर चूक पहिल्या भागात आहे आणि रंग कितीही वाढवले तरी ती झाकणार नाही. याच चाचणीत सायन पाटी मॅजेंटापेक्षा कितीतरी उजळ दिसेल. पडद्यावरचा शुद्ध सायन शुद्ध मॅजेंटाच्या जवळपास पावणेतीन पट तेजस्वी असतो, कारण डोळा हिरव्या उजेडाला सर्वांत जास्त दाद देतो आणि सायनमध्ये हिरवा आहे. म्हणूनच सायनचे मोठे वलय आपण निम्म्यावर ठेवले होते. उजवी पाटी तरीही डोळ्यात खुपत असेल तर तिच्या लेयरची ऑपॅसिटी ७० टक्क्यांपर्यंत उतरवावी. दोन्ही रंग सारखे वाटून देण्यापेक्षा एक राजा आणि एक प्रधान असला तर चित्र सावरते. आपल्या फोटोत राजा मॅजेंटा आहे. तपासून झाल्यावर हा करडा लेयर काढून टाकावा.

आभाळात पट्टे दिसत असतील तर New from Visible च्या नव्या प्रतीवर Filters > Noise > RGB Noise अगदी अल्प प्रमाणात द्यावा. शंभर टक्के झूमवर दाणा जेमतेम जाणवेल, इतकाच तो असावा. तपासताना मोबाइलवरचा डोळ्यांना आराम देणारा पिवळट मोड बंद आहे ना, हेही पाहावे. तो सुरू असेल तर सायन मळकट हिरवा दिसतो आणि माणूस विनाकारण निळा वाढवत बसतो.

बाहेर काढताना

File > Export As ने जेपीईजी करताना Quality ९० च्या वर ठेवावी आणि Advanced Options मध्ये Subsampling ला 4:4:4 हा पर्याय निवडावा. जेपीईजी जागा वाचवण्यासाठी उजेडापेक्षा रंगाचा तपशील कमी साठवते, आणि काळ्या भिंतीवरच्या मॅजेंटा अक्षरांच्या कडांना नेमका रंगाचाच तपशील लागतो, नाही तर त्या ओघळलेल्या दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो पुन्हा दाबला जात नाही.

फ्लेक्सवर किंवा लग्नाच्या अल्बममध्ये छापायचा असेल तर गिऱ्हाइकाला आधीच कल्पना द्यावी. सायन आणि मॅजेंटा ही छपाईच्या शाईचीच नावे असली तरी पडद्यावरचा सायन स्वतः उजेड फेकतो, तर शाई कागदावर पडलेल्या उजेडातला काही भाग गिळून उरलेला परत देते. त्यामुळे पडद्यावरचा झगझगीत सायन आणि गुलाबी-जांभळा छपाईत ठरून मंद पडतो आणि काळे आभाळ तर फ्लेक्सवर एकसंध डागासारखे येते. छपाईसाठी वेगळी प्रत करून तिच्यात Curves ने गडद भाग थोडा वर उचलावा, रंगांची तीव्रता साधारण दहा टक्क्यांनी उतरवावी आणि मोठा फ्लेक्स लावण्याआधी त्याच मशीनवर हातभर तुकडा छापून घ्यावा. त्या तुकड्यात आभाळ आणि एक पाटी, दोन्ही आली पाहिजेत.